‘फायनल पाठवून द्या’ म्हटल्यापासून सही मिळेपर्यंतचे २१ दिवस

३ फेब्रुवारीला क्लायंटकडून मेल आला : ‘फिल्म मंजूर. आता सगळ्या फायनल फाइल्स, कॅप्शन्स आणि सोर्स पाठवून द्या.’ मला हायसं वाटलं. एडिट लॉक झालं, रंग झाले, आवाज झाला. आता काय, दोन एक्सपोर्ट मारायचे आणि लिंक पाठवायची. मानधनाचा शेवटचा ३० टक्के हप्ता ‘अंतिम फाइल्स स्वीकारल्यावर’ असा होता, तोही आठवडाभरात येईल असं धरून चालले. तो आला २७ फेब्रुवारीला. मधल्या दिवसांत काय काय झालं ते लिहून ठेवते आहे, कारण एडिटिंग शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण फाइल्स हवाली कशा करायच्या हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

फिल्म १४ मिनिटं २० सेकंदांची. कारखान्यातल्या कामगारांसाठी, मशीनची दुरुस्ती करण्याआधी वीज तोडून त्यावर कुलूप कसं लावायचं, याबद्दल. निवेदन मराठीत, कॅप्शन्स मराठी आणि इंग्रजी.

त्या मेलमधला ‘सगळ्या’ हा शब्द मी दोन दिवस तसाच सोडून दिला, ही पहिली चूक. ५ तारखेला अखेर समन्वयक मॅडमना फोन लावला आणि विचारलं, ‘मॅडम, ही फिल्म कुठे कुठे चालवणार?’ उत्तर तिपेडी निघालं. एक, त्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या पोर्टलवर. दोन, ट्रेनिंग हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर, पेन ड्राइव्ह लावून. तीन, पुढच्या वर्षी सुरक्षा विभागाचा फोन नंबर बदलला तर त्यांचा कुणीतरी माणूस तो बदलणार. फॉर्मॅट कुठला हवा असं विचारलं असतं तर ‘एमपीफोर द्या’ एवढंच ऐकायला मिळालं असतं. कुठे चालवणार हे विचारल्यामुळे यादी आपोआप तयार झाली : एक मास्टर, पोर्टलसाठी हलकी फाइल, हॉलसाठी कॅप्शन्स चित्रातच छापलेली फाइल, पडद्यावरची अक्षरं काढलेली एक कोरी प्रत, सुट्या कॅप्शन फाइल्स आणि सोर्स.

सोर्स द्यायचं करारात कुठेही नव्हतं. याचा मला थोडा राग आला होता, पण करार करताना मीच विचारलं नव्हतं. अर्ध्या दिवसाचे जास्तीचे पैसे आणि हार्ड डिस्क त्यांची, यावर गोष्ट मिटली. ते मेलवर लिहून घेतलं.

६ तारखेला मास्टर काढला : ProRes 422 HQ, 1920×1080, 25 फ्रेम्स. या फॉर्मॅटला सेकंदाला साधारण २३ एमबी लागतात, म्हणजे ८६० सेकंदांचे जवळजवळ २० जीबी. एवढी मोठी फाइल कशाला, असं मॅडमनी विचारलंच. मी सांगितलं की ही चालवायची फाइल नव्हे, ही ठेवायची फाइल. पुढे जी प्रत हवी ती हिच्यातून निघेल. मी स्वतःही तेच केलं. हलकी फाइल टाइमलाइनमधून पुन्हा एक्सपोर्ट न करता मास्टरवरून बनवली. फायदा असा की संपूर्ण फिल्म डोळ्यांखालून घालायची ती एकदाच, मास्टरची.

आणि ती खरंच घालावी लागते, न थांबता, पूर्ण पडद्यावर, हेडफोन लावून. मला ९ मिनिटं ११ सेकंदांवर काहीतरी लुकलुकल्यासारखं वाटलं. वाटलं म्हणजे वाटलंच, दिसलं नव्हतं. बाणाच्या बटणानं एकेक फ्रेम पुढे सरकवली तेव्हा सापडलं : दोन शॉट्सच्या मध्ये एक काळी फ्रेम. रंग करताना एक क्लिप एका फ्रेमनं आखूड झाली होती. सेकंदाचा पंचविसावा भाग. टाइमलाइनवर काम करताना आपण सारखे थांबत, मागेपुढे जात असतो, त्यामुळे महिनाभर ती माझ्या नजरेतून निसटत होती. मास्टर पुन्हा काढला, तो भाग पुन्हा पाहिला, आणि फाइलच्या नावात v02 चं v03 केलं. ‘final’ हा शब्द मी फाइलच्या नावात आता घालत नाही. आकडा वाढत जातो, शेवट कुठला ते यादी सांगते.

७ तारखेला हलकी फाइल आणि हॉलची फाइल बनवून लिंक पाठवली. माझ्या मशीनवर दोन्ही लोण्यासारख्या चालत होत्या. १० तारखेला फोन : ‘हॉलमध्ये नुसता आवाज येतोय, चित्रच नाही.’

पहिला संशय टीव्हीवर, दुसरा पेन ड्राइव्हवर. दोन्ही निर्दोष होते. दोष माझ्या एका ओळीच्या कमांडमध्ये होता. ProRes 422 HQ मध्ये रंगांची माहिती १० बिटांची आणि 4:2:2 प्रकारची असते. व्हिडिओचा फॉर्मॅट बदलणाऱ्या ffmpeg या प्रोग्रामला मी फक्त ‘H.264 कर’ म्हटलं होतं, आणि त्यानं इमानेइतबारे तोच प्रकार पुढे चालू ठेवला. कंप्युटरवरच्या बहुतेक प्लेअरना ते वाचता येतं. टीव्ही आणि पुष्कळ ब्राउझर्सना H.264 म्हटलं की ८ बिटांची 4:2:0 फाइलच अपेक्षित असते. म्हणून आवाज आला आणि चित्र गुल. फाइलचं नाव .mp4 असलं तरी आत काय आहे ते नावावरून कळत नाही, ते असं पाहता येतं :

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt,r_frame_rate -of default=nw=1 web.mp4
```

माझ्या फाइलवर उत्तर आलं `yuv422p10le`. यायला हवं होतं `yuv420p`. दुरुस्त कमांड ही :

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 192k -movflags +faststart web.mp4
```

यातलं `-pix_fmt yuv420p` हेच औषध. शेवटचं `+faststart` पोर्टलसाठी : त्यानं फाइलची अनुक्रमणिका शेवटाऐवजी सुरुवातीला येते, आणि पूर्ण फाइल उतरायच्या आधी फिल्म सुरू होऊ शकते. फाइल साडेसहाशे एमबीच्या आसपास झाली. या वेळी पाठवण्याआधी पेन ड्राइव्हवर घालून घरच्या टीव्हीवर लावली. हे ७ तारखेला केलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

चित्र आलं, तोवर पोर्टल सांभाळणाऱ्या मुलाचा मेल येऊन पडला होता : ‘ताई, कॅप्शन फाइल अपलोड होते, पण कॅप्शन दिसतच नाहीत. फाइल खराब आहे का?’

मी फाइल उघडली. पहिली नोंद अशी होती :

```
1
01:00:04,120 --> 01:00:06,880
काम सुरू करण्याआधी मुख्य स्विच बंद करा.
```

फाइल धडधाकट होती. फक्त पहिलं वाक्य एक तास आणि चार सेकंदांनी दिसणार होतं, आणि फिल्म चौदा मिनिटांत संपत होती. एडिटिंगच्या टाइमलाइनचा टाइमकोड शून्यापासून सुरू न करता 01:00:00:00 पासून सुरू करायची जुनी रीत आहे, आणि कॅप्शन एक्सपोर्ट करताना तोच तास फाइलमध्ये उतरतो. व्हिडिओ मात्र प्लेअरमध्ये शून्यापासूनच सुरू होतो. गंमत म्हणजे ही चूक मोठी आहे म्हणूनच ती ओळखू येत नाही. कॅप्शन दोन सेकंद उशिरा आलं असतं तर कुणीही म्हणालं असतं की वेळ चुकली. अजिबात आलं नाही की सगळे फाइलला खराब म्हणतात. Subtitle Edit मध्ये सगळ्या वेळा एकदम एक तासानं मागे घेतल्या, दोन मिनिटांचं काम. तेव्हापासून कॅप्शन फाइल आली की मी पहिली आणि शेवटची अशा दोन नोंदी मास्टरसमोर लावून बघते. पहिली जुळली आणि शेवटची सरकलेली असली तर फ्रेमरेटचा घोळ. दोन्ही सारख्याच अंतरानं सरकल्या असतील तर सुरुवातीच्या वेळेचा.

पोर्टलला मी दिलेली SRT प्रकारची कॅप्शन फाइल नको, VTT हवी होती, हेही त्याच मेलमध्ये कळलं. फरक तसा किरकोळ, पण नेमका आहे. VTT फाइलची पहिली ओळ `WEBVTT` हवी, आणि सेकंदांनंतर स्वल्पविराम नको, टिंब हवं : `00:00:04.120`. नुसतं फाइलचं नाव बदलून .vtt केलं तर ब्राउझर ती मुकाट्यानं नाकारतो, चूकही दाखवत नाही. मी दोन्ही प्रकार, दोन्ही भाषांत, अशा चार फाइल्स दिल्या.

१२ तारखेला कॅप्शन्सनी तिसऱ्यांदा डोकं वर काढलं, आणि या वेळी चूक माझी नव्हती. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारलं, भलत्याच एन्कोडिंगमध्ये फाइल सेव्ह केली आणि मला परत पाठवली. सगळं मराठी `?????` झालेलं. अशा वेळी एक गोष्ट ओळखता आली पाहिजे. फाइलमध्ये `à¤•à¤¾` असली काहीतरी अगम्य अक्षरं दिसत असतील तर बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो, तो चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय एवढंच. UTF-8 निवडून उघडला की मराठी परत दिसतं. पण खरीखुरी प्रश्नचिन्हं सेव्ह झाली असतील तर अक्षरं गेली ती गेलीच. मी माझ्या मूळ फाइलमध्ये तो शब्द सुधारला आणि विनंती केली की दुरुस्ती मेलमध्ये लिहून कळवा, फाइलला हात लावू नका.

ओळींच्या लांबीबद्दलही एक सांगायला हवं. कॅप्शनची ओळ ४२ अक्षरांच्या आत ठेवायचा संकेत पुष्कळ ठिकाणी पाळतात, आणि तपासणारं सॉफ्टवेअर माझ्या अर्ध्या ओळी लाल करत होतं. पडद्यावर त्या मुळीच लांब दिसत नव्हत्या. कारण सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याचं चिन्ह वेगवेगळं मोजतं. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर. मशीनच्या हिशेबात सहा. लाल रंगाकडे दुर्लक्ष केलं आणि ओळ पडद्यावर किती जागा खाते ते डोळ्यांनी ठरवलं. हॉलच्या फाइलमध्ये कॅप्शन्स चित्रातच छापायचं कारणही आपली लिपी. सुटी SRT त्या टीव्हीवर चालवून पाहिली तेव्हा जोडाक्षरं फुटली आणि पहिल्या वेलांट्या व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला गेल्या. आधी छापलेली अक्षरं टीव्हीला जोडावी लागत नाहीत.

१३ आणि १४ फेब्रुवारी सोर्सच्या पोटात गेले. प्रोजेक्ट आणि त्यात वापरलेलं सगळं साहित्य एका फोल्डरमध्ये गोळा करायची सोय एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरली. कॅशे आणि प्रॉक्सी वगळल्या, त्या पुन्हा तयार होतात. २१२ जीबी भरलं. मग अर्ध्या दिवसाच्या पैशांची खरी कसोटी : तो फोल्डर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, माझी कामाची डिस्क न लावता उघडला. अकरा क्लिप्स लाल, म्हणजे त्यांच्या फाइल्स सापडत नव्हत्या. क्लायंटचा लोगो, दोन निवेदनाचे तुकडे आणि कुलपाच्या अॅनिमेशनचे आठ भाग. लोगो महिन्यांपूर्वी मेलमधून थेट ‘डाउनलोड्स’ मधून ओढला होता. अॅनिमेशन दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये बनवलेलं होतं आणि गोळा करणाऱ्या आज्ञेला त्याचा पत्ता लागला नव्हता. माझ्याच मशीनवर तपासलं असतं तर हे कधीच कळलं नसतं, कारण तिथे त्या फाइल्स जागच्या जागी होत्या आणि सॉफ्टवेअर गुपचूप तिथून उचलत होतं.

मैत्रिणीकडे आणखी एक उघड झालं : शीर्षकांचा फॉन्ट तिच्याकडे नव्हता, आणि सगळी शीर्षकं एका बेढब फॉन्टमध्ये बदलली होती. शीर्षकांचा फॉन्ट विकत घेतलेला असल्यामुळे तो मला पुढे देता येत नव्हता. परवान्यात मनाई होती. म्हणून फॉन्टचं नाव, वजन आणि तो स्वतः घ्यावा लागेल, एवढं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवलं. खुल्या परवान्याचा दुसरा फॉन्ट मात्र परवान्याच्या कागदासह फोल्डरात घातला. पार्श्वसंगीताच्या परवान्याची पावतीही त्याच जागी. ती पुढच्या वर्षी शोधायची वेळ आली तर माझ्या मेलबॉक्सात खणत बसायला नको.

डिस्क exFAT मध्ये फॉरमॅट केली, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालते. FAT32 असती तर ४ जीबीच्या वरची फाइल तिनं घेतलीच नसती, आणि मास्टर २० जीबीचा. सगळी नावं रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता. मराठी नावं झिपमधून बाहेर येताना बिघडलेली मी पाहिली आहेत. कॉपी व्हायला पस्तीसेक मिनिटं लागली. कॉपी झाली म्हणजे नीट झाली असं नव्हे, म्हणून कॉपी करण्याआधी मूळ फोल्डरात प्रत्येक फाइलचा ठसा काढला होता :

```
find . -type f ! -name checksums.md5 -exec md5sum {} + > checksums.md5
```

आणि कॉपीनंतर डिस्कवर जाऊन `md5sum -c checksums.md5`. पुन्हा अर्ध्या तासावर वाट पाहणं, कारण प्रत्येक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. प्रत्येक ओळीपुढे `OK` आलं. एखाद्या ओळीपुढे `FAILED` आलं असतं तर तेवढी एक फाइल पुन्हा कॉपी करायची.

१७ तारखेला डिस्क कुरियरनं गेली आणि हलक्या फाइल्सची नवी लिंक मेलनं. लिंक सात दिवस चालणार होती. १८ ला कळलं की मॅडम २५ पर्यंत रजेवर. लिंकची मुदत वाढवून घेतली आणि त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या सरांनाही मेलमध्ये घेतलं.

डिस्कबरोबर एक पानी तक्ता पाठवला होता. बाकी सगळ्यापेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला, म्हणून त्याचं थोडं सविस्तर. प्रत्येक फाइलला एक ओळ. पहिल्या रकान्यात नाव, मग लांबी, मग आकार, मग ‘कशासाठी’. हा चौथा रकाना मी साध्या मराठीत भरला. `LOTO_MR_1080p25_MASTER_v03.mov` पुढे : ‘जपून ठेवण्यासाठी. चालवू नका, अपलोड करू नका.’ हॉलच्या फाइलपुढे : ‘पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीवर. कॅप्शन्स चित्रातच आहेत, बंद करता येत नाहीत.’ कोऱ्या प्रतीपुढे : ‘फोन नंबर बदलायचा झाल्यास ही वापरा.’ पाचवा रकाना रिकामा : ‘कुठे उघडून पाहिलं, कुणी, तारीख’. हा रकाना भरायला ज्याला त्याला खरोखर हॉलमध्ये जावं लागतं, पोर्टल उघडावं लागतं. ‘फाइल्स मिळाल्या’ असा मेल आपल्याला येतो तेव्हा पुष्कळदा कुणी काही उघडलेलं नसतं. तळाशी दोन वाक्यं : सात दिवसांत काही अडलं तर दुरुस्ती माझ्याकडे, त्यानंतरचे बदल वेगळं काम, आणि माझ्याकडची प्रत सहा महिने राहील, नंतर पुसली जाईल.

सरांनी तक्ता हातात घेऊन सगळं तपासलं आणि एक खरी चूक काढली : कोऱ्या प्रतीची लांबी १४:२० ऐवजी १४:१७ होती. शेवटची श्रेयनामावली हा पूर्णपणे अक्षरांचा भाग, तो लपवल्यावर एक्सपोर्ट तीन सेकंद आधी संपला होता. अशा प्रतीवर मास्टरचा आवाज ठेवला तर शेवट तुटतो. त्याच संध्याकाळी काळ्या पार्श्वभूमीसह पुन्हा काढून दिली. लांबीचा रकाना मी प्रत्यक्ष फाइल पाहून भरायला हवा होता. मी वरच्या ओळीवरून खाली ओढत नेला होता.

२४ फेब्रुवारीला सही केलेला तक्ता स्कॅन होऊन आला, २७ ला पैसे. २४ ऑगस्टची आठवण कॅलेंडरात लावली आहे : त्या दिवशी आधी सरांना आणि मॅडमना मेल, दोन दिवस उत्तराची वाट, मग २१२ जीबी मोकळे.